अधोरेखित भाग बदलायचा की तसाच ठेवायचा? बँक परीक्षेसाठी तयारीची यादी

आयबीपीएसच्या क्लार्क पूर्व परीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न असतात आणि वेळ मिळतो 20 मिनिटं. चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात वाक्याचा एक भाग अधोरेखित असतो आणि तो बदलायचा की ‘नो करेक्शन रिक्वायर्ड’ म्हणून तसाच ठेवायचा, हे पर्यायांतून निवडायचं असतं. उताऱ्यासाठी वेळ राखून ठेवायचा तर असा प्रश्न अर्ध्या मिनिटात संपवावा लागतो.

त्यासाठी सगळ्यात आधी एक साधी वही करा आणि सराव करताना पर्याय हाताने झाकून ठेवा. आधी पूर्ण वाक्य वाचायचं, वहीत ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ असं लिहायचं, चूक असेल तर कारण दोन शब्दांत मांडायचं, आणि मगच पर्याय उघडायचे. आधी पर्याय वाचले की चार वेगवेगळ्या रचना कानात घुमतात आणि मूळ वाक्य बरोबर असलं तरी खटकायला लागतं. पहिले काही दिवस याला वेळ जास्त लागेल, तो लागू द्या.

याच वहीत मराठीतून येणाऱ्या चुकांसाठी एक पान राखून ठेवा. मला हे पान सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण इथे कान दगा देतो. आपण ‘विषयाबद्दल चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ खटकत नाही. खरं तर ‘डिस्कस’नंतर थेट विषय येतो. ‘माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणतो, म्हणून ‘सीनियर दॅन’ चालून जातं. तिथे ‘टू’ हवं. सगळ्यात जास्त फसवतो तो ‘पासून’. मराठीत ‘2021 पासून’ आणि ‘चार वर्षांपासून’ दोन्ही ठीक, पण इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला असेल तर ‘सिन्स’ आणि कालावधी मोजला असेल तर ‘फॉर’.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू. वाक्य असं: ‘द मॅनेजर, अलाँग विथ हिज टू असिस्टंट्स, हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स.’ ‘हॅव’पासून शेवटपर्यंतचा भाग अधोरेखित आहे. अधोरेखित नसलेल्या भागाला आपल्याला हात लावता येत नाही, म्हणून आधी तोच नीट पाहायचा. कर्ता आहे ‘द मॅनेजर’. ‘अलाँग विथ’ने जोडलेली माणसं कर्त्यात मोजली जात नाहीत. म्हणजे क्रियापद एकवचनी, ‘हॅज’. पुढे ‘फोर इयर्स’ हा कालावधी, म्हणून ‘फॉर’. चुका दोन निघाल्या. पर्यायांत एक जण फक्त ‘हॅज’ दुरुस्त करून ‘सिन्स’ तसाच ठेवतो, दुसरा ‘फॉर’ घालून ‘हॅव’ सोडून देतो, तिसऱ्यात ‘इज वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स’ असतं, म्हणजे काळच चुकतो. उरतो ‘हॅज बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स’. बरीच मुलं पहिली चूक सापडली की ती दुरुस्त करणारा पहिलाच पर्याय निवडून पुढे जातात. म्हणून निवडलेला पर्याय वाक्यात बसवून शेवटच्या शब्दापर्यंत एकदा वाचायची सवय सरावातच लावून घ्या.

याच्या उलट तयारीही तेवढीच हवी: कानाला चुकीची वाटणारी पण बरोबर असलेली वाक्यं वहीच्या दुसऱ्या पानावर जमवा. ‘इट इज हाय टाइम द बँक रिव्हाइज्ड इट्स चार्जेस.’ मराठी मन म्हणतं, शुल्क तर आता बदलायचं आहे, मग भूतकाळ कशाला? आणि हात ‘रिव्हायजेस’कडे जातो. पण ‘इट इज हाय टाइम’नंतर कर्ता आला की क्रियापदाचं भूतकाळी रूप घेतात, म्हणून उत्तर ‘नो करेक्शन रिक्वायर्ड’. ‘हार्डली हॅड द कॅशियर ओपन्ड द काउंटर व्हेन...’ हेही असंच: ‘हॅड’ कर्त्याच्या आधी आलेलं पाहून दचकू नका, ‘हार्डली’ने सुरू होणाऱ्या वाक्यात ते तिथेच येतं. अशी वीस-पंचवीस वाक्यं मोठ्याने वाचून कानाला सवय करून द्या.

प्रत्येक सराव चाचणीनंतर चुकलेले प्रश्न दोन ढिगांत वाटा: चांगलं वाक्य उगाच बदललं ते एकीकडे, चुकीचं वाक्य तसंच ठेवलं ते दुसरीकडे. पहिला ढीग मोठा असेल तर ‘बरोबर वाक्यां’चं पान वाढवा. दुसरा मोठा असेल तर नियम पक्के नाहीत. कर्ता-क्रियापद, काळ आणि शब्दयोगी प्रयोग, या तीन गोष्टींपासून सुरुवात करा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा सराव संच उघडू नका, वहीतली ही दोन पानंच वाचा. आणि प्रत्यक्ष परीक्षेत, चूक सापडली नाही आणि ‘काहीतरी खटकतंय’ याला कारण देता आलं नाही, तर वाक्य बदलू नका.