पत्र लिहायला बसण्याआधी टेबलावर काय काय हवं

माझ्या मावसभावाने जर्मनीच्या शिष्यवृत्तीसाठी लिहिलेलं प्रेरणापत्र मला वाचायला पाठवलं, तेव्हा पहिल्याच ओळीत त्याला लहानपणापासून यंत्रांची ओढ होती. तो तीन वर्षं साखर कारखान्याच्या को-जनमध्ये, म्हणजे वीजप्रकल्पात, बॉयलरवर शिफ्ट करतोय आणि पत्रात बॉयलर कुठेच नव्हता! ते बाजूला ठेवून आम्ही आधी तयारीची यादी केली. तीच इथे मांडतो.

शिष्यवृत्ती होती डीएएडी या जर्मन संस्थेची ईपॉस, म्हणजे विकसनशील देशांतल्या नोकरदार पदवीधरांसाठीची. म्हणून यादीत सर्वांत वर तारखा. शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको आणि पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. दोन्ही कागदावर दिसायला हवं, म्हणजे पदवी प्रमाणपत्र आणि नोकरीचा दाखला समोर ठेवून महिने मोजायचे. भावाची पदवी २०२१ ची, त्यामुळे अडचण नव्हती. अर्ज डीएएडीकडे जात नाही, थेट त्या त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाकडे जातो आणि प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी असते. जास्तीत जास्त तीन अभ्यासक्रम निवडता येतात, पण पत्र एकच. त्यामुळे पसंतीक्रम आधी ठरवावा, नाहीतर पत्र तिन्ही दिशांना पळतं. त्याने ओल्डनबुर्ग विद्यापीठाचा १९८७ पासून चालू असलेला अक्षय ऊर्जेचा अभ्यासक्रम पहिला आणि फ्लेन्सबुर्गचा ऊर्जा व पर्यावरण व्यवस्थापनाचा दुसरा ठेवला. तिसरा घेतलाच नाही. दोन पानांत तीन ठिकाणांना न्याय देता येत नाही, असं माझंही मत.

पुढची गोष्ट म्हणजे एक प्रसंग, त्याच्या आकड्यांसकट. पत्राचा कणा तोच, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या. लॉगशीटचे फोटो, शिफ्टची वही, तेव्हा केलेले मेसेज, सगळं बाहेर काढा. भावाकडे निघालं ते असं. ऐन गाळप हंगामात भट्टीतला धूर चिमणीकडे ओढणाऱ्या आयडी फॅनचा करंट ११२ वरून १४० अँपिअरपर्यंत चढला होता. भट्टीतला ड्राफ्ट, म्हणजे आतली ओढ, धरत नव्हता, लोड वाढवला की निरीक्षणाच्या झडपेतून ज्वाळा बाहेर डोकावायच्या. बगॅस, म्हणजे जळणाचं उसाचं चिपाड, ओला आहे, असं सगळे म्हणत होते. चिमणीकडे जाणाऱ्या वायूचं तापमान तर उलट कमी झालं होतं, त्यामुळे बॉयलर छान चाललाय असंच वाटावं. याने, जाणाऱ्या वायूच्या उष्णतेवर भट्टीची हवा तापवणाऱ्या एअर हीटरच्या आधी आणि नंतर वायूतला ऑक्सिजन मोजला. आधी ५ टक्के, नंतर ९ टक्के. हीटरच्या नळ्या फुटून भट्टीला हवा पुरवणाऱ्या एफडी फॅनची हवा शेगडीखाली जायच्या ऐवजी वायूतच मिसळत होती, म्हणूनच तापमान पडलेलं दिसत होतं.

गळतीचं नेहमीचं सूत्र घेतलं तर ९ वजा ५ म्हणजे ४, त्याला हवेतल्या ऑक्सिजनचे २१ वजा ९ म्हणजे १२ ने भागायचं, ०.९ ने गुणायचं. उत्तर ३० टक्के गळती. नळ्यांच्या हीटरमध्ये ती दोन-चार टक्क्यांपलीकडे जाऊ नये. पुढच्या थांब्यात फुटक्या नळ्या दोन्ही टोकांना बुजवल्या, नंतरचा ऑक्सिजन ६ वर आला, गळती ६ टक्क्यांवर आली आणि फॅनचा करंट उतरला.

पहिल्या मसुद्यात या सगळ्या प्रसंगाचं एकच वाक्य होतं: मी बॉयलरची कार्यक्षमता १५ टक्क्यांनी वाढवली. हे वाक्य जीवघेणं. बगॅसच्या बॉयलरची कार्यक्षमता एकूण उष्मांकावर साधारण सत्तरीच्या आसपास असते. ती नळ्या बुजवून पंच्याऐंशीवर जात नाही, आणि समोर वाचणारा प्राध्यापक उष्णता संतुलनच शिकवत असतो. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. बगॅस किती वाचला हे त्याने मोजलं नव्हतं, म्हणून पत्रात फक्त ऑक्सिजन आणि अँपिअर आले. काम चौघांनी केलं असेल तर आपला भाग कोणता हेही लिहा. त्याचा भाग मोजमापाचा होता, वेल्डिंग फिटरने केलं. कारखान्याचे आकडे वापरायला चीफ इंजिनिअरांची परवानगी आधीच घेतली, तीही यादीतली एक बाब.

आता प्रसंगातून अभ्यासक्रमाकडे जाणारा पूल. अर्ज फसतात ते बहुतेक याच जागी. "म्हणून मला अक्षय ऊर्जा शिकायची आहे" एवढ्याने उडी पडत नाही. स्वतःला विचारायचं, की मला कामावर काय जमलं नाही? भावाचं उत्तर तयार होतं. गाळप चार-पाच महिने, बगॅस संपला की टर्बाइन उभं. शेजारच्या शिवारात मात्र उसाचं पाचट पेटवलं जातं. पाचट भट्टीत घालू म्हटलं, तर त्यातल्या पोटॅशियम आणि क्लोरिनमुळे वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांवर थर बसतो आणि धातू खातो. पाचट किती मिसळावं, गोळा करण्याचा खर्च परवडेल का, की उभ्या काळात छतावरची सौरऊर्जाच बरी, हे त्याला ठरवता येत नव्हतं. जैवइंधन, सौर आणि अर्थशास्त्र एका छताखाली हवेत ते याचसाठी. मग अभ्यासक्रमाची विषययादी छापून घ्यायची, आणि या प्रश्नाला लागणारे दोन-तीनच विषय खूण करून त्यांची नावं पत्रात तशीच वापरायची. पूर्ण यादी उतरवून काढली तर ती त्यांचीच त्यांना परत पाठवल्यासारखी होते.

परत येऊन काय करणार, हा परिच्छेद ईपॉसमध्ये टाळता येत नाही. शिष्यवृत्तीच मुळी मायदेशी उपयोग व्हावा म्हणून आहे. "देशाची सेवा" लिहू नका. कुठल्या खुर्चीत बसणार ते लिहा. त्याने लिहिलं, की को-जनमध्ये परत येऊन एका हंगामात पाचटाचं लहान प्रमाण मिसळून चाचणी घेईन आणि थराची मोजणी ठेवीन. याला कारखान्याच्या शिफारसपत्राचा आधार हवा. लेटरहेड, तारीख, सही, शिक्का, आणि जमलं तर परत कामावर घेण्याची तयारी. कार्यकारी संचालक गाळपाच्या दिवसांत हाती लागत नाहीत, त्यामुळे ते पत्र हंगामाआधीच मागा. शिफारसपत्रातला हुद्दा, नोकरीच्या दाखल्यातला हुद्दा आणि तुमच्या पत्रातला हुद्दा एकच आहे ना, पाहा. आमच्याकडे एकात शिफ्ट इंजिनिअर, दुसऱ्यात ज्युनिअर इंजिनिअर निघाला होता.

कच्चा मजकूर मराठीत लिहिला, जणू चीफ साहेबांना सांगतोय. मग इंग्रजीत आणला, त्यामुळे मोठमोठी विशेषणं आपोआप गळली. ड्राफ्ट, आयडी फॅन हे शब्द बॉयलर न पाहिलेल्या माणसाला कळतील असे अर्ध्या वाक्यात उलगडले. कमी गुणांच्या एका सेमिस्टरबद्दल दोन ओळी, जास्त नाही.

शेवटी कागदाची बाजू. दोन पानांच्या आत, चालू नोकरीचा उल्लेख असलेलं, तारीख घातलेलं आणि हाताने सही केलेलं पत्र लागतं. टाइप केलेलं नाव म्हणजे सही नव्हे. प्रिंट काढा, सही करा, मग स्कॅन करा. भावाने स्कॅन पाठवला तेव्हा तारीख मागच्या मसुद्याचीच राहिली होती, आणि त्याला रात्री साडेनऊला झेरॉक्सवाल्याकडे पुन्हा जावं लागलं.