‘मी सुटलो’ म्हणणाऱ्याशी कसं बोलावं

कुणी गेलं की भेटायला आलेल्यांपैकी एक जण तरी म्हणतोच, “सुटले बिचारे.” गेलेल्यासाठी हा शब्द सगळ्यांना चालतो. मागे राहिलेल्याने तोच शब्द स्वतःसाठी वापरला, की ऐकणारा गडबडतो. ज्या बापाने पट्ट्याने मारलं, ज्या आईने रोज पाणउतारा केला, तो किंवा ती गेल्यावर मुलगा किंवा मुलगी हळूच सांगते, “खरं सांगू? मी सुटले.” त्या क्षणी काय करायचं, एवढंच इथे लिहिते आहे. इंदूरला आमच्या ओळखीत उठावना असो की तेरावा, मी बरीच वर्षं जाते आहे. अशी कबुली अनेकदा ऐकली आहे आणि पहिल्या दोन्ही वेळा मी चुकले आहे.

आधी जागा बदला. बैठकीत हे बोलणं नको. चहाचे कप आत नेण्याच्या निमित्ताने उठा, गच्चीवर किंवा ओट्यावर जा.

मग पहिलं वाक्य सांभाळा. सगळं इथेच बिघडतं.

माझी पहिली चूक शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या बाबतीत झाली. त्यांची आई गेली होती. त्या म्हणाल्या, “मला रडूच येत नाही, हलकं वाटतंय.” मी म्हणाले, “असं नाही बोलू. आई ती आईच असते.” त्यांनी पदर सावरला आणि “हो, बरोबर आहे” म्हणाल्या. त्यानंतर आम्ही नऊ वर्षं एकत्र काम केलं, पण आईचा विषय त्यांनी माझ्याशी पुन्हा काढला नाही. ही समजूत नव्हती, मी त्यांना गप्प केलं होतं. “त्यांनाही त्रास होता”, “मेल्यामागे वाईट बोलू नये”, “आता माफ करून टाक” ही सगळी त्याच जातीची वाक्यं आहेत. त्यांत गेलेल्याची बाजू घेतली जाते, आणि ऐकणाऱ्याने ती बाजू जन्मभर ऐकलेली असते.

दुसऱ्या वेळी मी उलट चुकले. एका मैत्रिणीच्या वडिलांबद्दल मला बरंच ठाऊक होतं. ती “सुटले” म्हणताच मी म्हणाले, “बरं झालं गेला. माणूस होता का तो!” तिचा चेहरा आक्रसला आणि ती वडिलांची बाजू मांडू लागली. ते सायकल शिकवायचे, तिच्या तापात रात्रभर जागले होते. तेही खरंच होतं. मारणारा बाप चोवीस तास मारत नसतो, म्हणून तर मन इतकं अडकतं. बापाला शिवी द्यायचा हक्क तिचा होता, माझा नव्हता. माझ्या रागापुढे तिला स्वतःच्या सुटकेबद्दल बोलायला जागाच उरली नाही.

म्हणून आता मी दोन्हींपैकी काहीच म्हणत नाही. थोडं थांबते आणि त्याचेच शब्द वापरते, “सुटल्यासारखं वाटतंय. वाटणारच.” गेलेल्याबद्दल एक अक्षरही नाही. “इतकं काय केलं होतं त्यांनी?” असं कधीच विचारू नका. विचारणाऱ्याला ती चौकशी वाटते, सांगणाऱ्याला मात्र पुरावा मागितल्यासारखं वाटतं.

मग एकच प्रश्न विचारा: आता काय करावं लागत नाही?

लोकमान्य नगरातल्या ओळखीच्या घरातला मुलगा, वय चाळिशीतलं. वडील गेल्याच्या सहाव्या दिवशी गच्चीवर म्हणाला, “काकू, मी तीन रात्री सलग झोपलोय. लाज वाटते सांगायला.” मी हा प्रश्न विचारला. तो बराच वेळ टाकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “फाटकाची कडी वाजली की मी अजून दचकतो. लहानपणी कडीच्या आवाजावरून कळायचं, आज पिऊन आलेत की नाही. काल कडी वाजली, दूधवाला होता. आणि लक्षात आलं, आता ते येणार नाहीत.”

सुटका कशापासून झाली, ते इथे कळतं. ती माणूस मेल्याचा आनंद नसते. सतत कानोसा घेत जगणारं शरीर पहिल्यांदा सैल पडलेलं असतं. त्याने पुढे विचारलं, “मी नालायक मुलगा आहे का?” या प्रश्नावर मात्र गप्प बसायचं नाही. स्पष्ट सांगायचं, “नाही. तू घाबरून राहत होतास, ती भीती संपली. ती संपली म्हणून हलकं वाटतंय.” आणि लगेच एवढं जोडायचं, “उद्या रडू आलं, राग आला, त्यांची आठवण आली, तरी आजचं खोटं ठरत नाही.” हे आधीच सांगणं गरजेचं असतं, कारण बहुतेकांना काही आठवड्यांनी रडू येतं आणि तेव्हा त्यांना वाटतं, आपण तेव्हा खोटं बोललो. पुष्कळदा ते रडू गेलेल्या बापासाठी नसतं, जसा बाप मिळायला हवा होता त्याच्यासाठी असतं. आता तो कधीच मिळणार नाही, हे तेव्हा पक्कं झालेलं असतं.

दहाव्याला एकटं सोडू नका. आमच्याकडचे बरेच लोक दहाव्याला बडवाहजवळ खेडीघाटावर नर्मदेकाठी जातात. पिंडाला कावळा शिवला नाही की मागून आवाज येतात, “काही इच्छा राहिली असेल, मुला, वचन दे.” नाहीतर, “तुझ्यावरच राग असेल.” मार खाल्लेल्या मुलासाठी हा प्रसंग फार वाईट असतो. मेल्यावरही बापच त्याला गुन्हेगार ठरवत असतो. त्या मुलाला मी आदल्या दिवशीच सांगितलं, “खोटं वचन देऊ नकोस. अडलंच तर गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात, ती रीत आहे.” गुरुजींच्या कानावरही आधी घातलं. कावळा अर्धा तास आला नाही, गुरुजींनी दर्भाने काम उरकलं, कुणाला बोलायला वेळच मिळाला नाही. विधी करायचे की नाहीत, हे त्याचं त्याने ठरवायचं. करायचे असतील तर त्याच्या शेजारी उभं राहायचं. श्रद्धांजलीचं भाषण करायला त्याला भरीस पाडू नका.

ऐकलेलं तुमच्याजवळच ठेवा. विशेषतः भावंडांपाशी नेऊ नका. त्याच घरातल्या धाकट्या बहिणीला बापाने कधी हात लावला नव्हता आणि ती मनापासून रडत होती. दोघांचंही खरं होतं. माझ्या तोंडून तिला कळलं असतं तर घरात भांडण लागलं असतं आणि त्याने पुन्हा कुणापाशी तोंड उघडलं नसतं.

नंतर काय बघायचं. सुटका वाटणं हा आजार नाही, त्यासाठी डॉक्टरकडे ढकलू नका. पण महिना-दोन महिन्यांनी झोप उडाली, जुनी मारहाण डोळ्यांसमोर येऊ लागली, दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. “मलाच जगायचा हक्क नाही” असं बोलणं ऐकलं तर महिनाभर वाट बघू नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि तिथूनच १४४१६ लावा. ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि रात्रीही चालू असते.

पितृपक्षाच्या आधी एक फोन करा. त्या मुलाला मी केला. म्हणाला, “काकू, फाटकाची कडी बदलून घेतली. आता रबर लावलेली आहे, आवाज येत नाही.” श्राद्धाचं अजून ठरवलं नव्हतं. मी विचारलंही नाही.