दिसतं पुष्कळांना, दाबत कुणी नाही: सर्च कन्सोलच्या स्क्रीनशॉटवरून अशा क्वेरी कशा हुडकायच्या

माझ्या मावसभावाची अंबाजोगाईजवळ रोपवाटिका आहे. केशर आंब्याची आणि सीताफळाची कलमं विकतो. वेबसाइट दोन वर्षांपूर्वीच करून घेतली होती. जुलैच्या सुरुवातीला, लागवडीची घाई चालू असताना, त्यानं मला गूगल सर्च कन्सोलचा, म्हणजे गूगलच्या शोधात आपली साइट कशी चालते ते दाखवणाऱ्या साधनाचा, एक स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दादा, एवढ्या लोकायला साइट दिसायलीय, मग फोन का येईना?"

प्रश्न बरोबर होता, स्क्रीनशॉट मात्र कामाचा नव्हता. म्हणून आधी स्क्रीनशॉट कसा घ्यायचा ते सांगतो, कारण निम्मी गडबड तिथंच होते.

स्क्रीनशॉट घ्यायच्या आधी

सर्च कन्सोलच्या `Performance` रिपोर्टमध्ये सुरुवातीला `Clicks` आणि `Impressions` एवढेच दोन रकाने दिसतात, म्हणजे किती वेळा दाबलं गेलं आणि साइट निकालांत किती वेळा दिसली. आपल्याला चारही लागतात. आलेखाच्या वर `Average CTR` आणि `Average position` असे दोन चौकोन असतात, त्यांच्यावर टिचकी मारली की खालच्या तक्त्यात तेही रकाने येतात. सीटीआर म्हणजे शंभर वेळा दिसल्यावर किती वेळा दाबलं गेलं ते टक्के.

दुसरी गोष्ट, तक्ता मुळात क्लिकच्या उतरत्या क्रमानं लागलेला असतो. क्वेरी म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द; ज्या क्वेरीला क्लिक मिळत नाहीत, नेमक्या त्याच तळाला जाऊन बसतात. पहिल्या पानावर दहाच ओळी, आणि आपल्याला हवी ती कदाचित चाळिसावी. म्हणून `Impressions` या शब्दावर टिचकी मारून क्रम बदलायचा आणि तक्त्याखालच्या `Rows per page` मध्ये दहाच्या जागी जास्त ओळी घ्यायच्या. भावाचा पहिला फोटो क्लिकच्या क्रमानं होता. त्यात सगळ्यात वर त्याच्याच रोपवाटिकेचं नाव होतं, त्यावरून काहीच कळत नव्हतं.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. तक्ता कापून पाठवू नका. वरची तारखेची आणि `Search type` ची पट्टी फोटोत आलीच पाहिजे. कुणी चुकून `Image` लावलेलं असेल तर ते आकडे फोटोंच्या शोधाचे असतात. तिथं माणूस फोटो बघतो आणि निघून जातो, त्यामुळे क्लिक कमीच असणार. आपल्याला `Web` हवं. आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो दाबला जातो आणि दशांश चिन्ह धूसर होतं.

आकडे खरे वाचलेत का ते तपासा

दशांश चिन्हाचं मी उगाच म्हणत नाही. पहिल्या फोटोत सीताफळाच्या ओळीवर मला ५७ टक्के दिसले होते. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, भागाकार करावा. क्लिकला इम्प्रेशननं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. ३१ भागिले ५४० केले तर ०.०५७ येतात, म्हणजे ५.७ टक्के. टिंब फोटोत गेलं होतं. दोन-तीन ओळींवर हा हिशेब करून बघितला की पुढचं सगळं डोळे मिटून वाचता येतं.

नंतर आलेल्या नीट फोटोतल्या कामाच्या सहा ओळी या अशा. मुदत होती तीन महिन्यांची.

```
Query                   Clicks  Impr.   CTR    Position
केशर आंबा                   3    6,870   0%      37.4
आंबा लागवड अंतर            14    2,310   0.6%     5.6
केशर आंबा कलम किंमत        19    2,140   0.9%     4.8
kesar amba rop price        8    1,020   0.8%     5.2
सीताफळ कलम                 31      540   5.7%     4.3
(रोपवाटिकेचं नाव)          96      212   45.3%    1.1
```

या ओळींची बेरीज करून ती वरच्या एकूण आकड्याशी जुळवत बसू नका. फारच थोड्या लोकांनी विचारलेल्या क्वेरी गूगल खासगीपणासाठी तक्त्यात दाखवत नाही, त्यामुळे बेरीज कमीच भरते.

सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा फसवा

भावाचं बोट लगेच पहिल्या ओळीवर गेलं. जवळजवळ सात हजार वेळा दिसलं आणि तीन क्लिक! पण शेवटचा रकाना बघा. तिथं ३७.४ आहे. पोझिशन म्हणजे निकालांच्या यादीतला सरासरी क्रमांक, एक म्हणजे सगळ्यात वर. सदतिसाव्या जागेपर्यंत खाली जाणारा माणूस विरळाच. इथं क्लिक कमी आहेत ते आपण फार खाली आहोत म्हणून. शीर्षक बदलून तिथं काही होणार नाही. शिवाय नुसतं "केशर आंबा" शोधणाऱ्याला आमरस करायचा आहे, पेटी घ्यायची आहे की झाड लावायचं आहे, हे कुणाला ठाऊक?

म्हणून पहिली चाळणी पोझिशनची लावायची. मी साधारण दहाच्या आतल्या ओळीच ठेवतो. अकरा ते वीस वेगळ्या वहीत लिहितो, कारण त्यांचं काम मजकूर सुधारण्याचं असतं आणि ते महिनोन्महिने चालतं. वीसच्या पुढच्या सोडून देतो.

दुसऱ्या बाजूला रोपवाटिकेच्या नावाची ओळ. ४५ टक्के बघून हुरळून जायचं नाही. नाव टाकून शोधणारा आपल्यालाच शोधत असतो. ही ओळही बाजूला काढायची, नाहीतर तिच्याशी तुलना करून बाकी सगळ्याच ओळी वाईट वाटायला लागतात.

मोजपट्टी आपल्याच तक्त्यातून घ्या

आता कमी सीटीआर म्हणजे किती कमी? नेटवर अमुक जागेला अमुक टक्के असे तक्ते फिरत असतात. मी ते वापरत नाही. अमेरिकेतल्या बुटांच्या दुकानाचे टक्के अंबाजोगाईच्या कलमांना लावून काय उपयोग? आपल्याच साइटची, साधारण त्याच जागेवरची, बरी चालणारी ओळ शोधायची.

इथं ती सापडली. सीताफळ कलम ४.३ वर आहे आणि ५.७ टक्के घेते. केशर आंबा कलम किंमत ४.८ वर आहे, म्हणजे शेजारीच, आणि घेते ०.९ टक्के. माल एकाच बांधावरचा, गिऱ्हाईक एकाच प्रकारचं, तरी एवढा फरक. जरा हात राखून पाच टक्के धरले तर २,१४० च्या १०७ क्लिक व्हायला हव्या होत्या, झाल्या १९. म्हणजे तीन महिन्यांत ८८ माणसं समोरून निघून गेली. रोमन अक्षरांतल्या ओळीचंही तसंच: १,०२० चे पाच टक्के ५१, मिळाले ८, गेले ४३.

असा हिशेब प्रत्येक उरलेल्या ओळीचा करायचा आणि गेलेल्या क्लिकच्या क्रमानं लावायचा. टक्क्यांच्या क्रमानं लावलं तर वीस इम्प्रेशनवाली शून्य टक्क्यांची ओळ वर येते. वीसांत एकही क्लिक न मिळणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. तीन महिन्यांत शंभराच्या आत इम्प्रेशन असलेल्या ओळीकडं मी बघतच नाही.

मराठी साइटला आणखी एक भानगड असते. एकच प्रश्न लोक तीन तऱ्हेनं विचारतात: देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजीत. तक्ता त्यांना वेगवेगळ्या ओळी मानतो. फोटोवर पेन्सिलनं खुणा करून किमतीवाल्या सगळ्या ओळी एका गटात घ्या. आमच्या दोन ओळी मिळून गेलेल्या क्लिक १३१ झाल्या.

"लागवड अंतर" का सोडली

हिशेबानं पाहिलं तर तीही ओळ वर येते. पण मी फोनवर इनकॉग्निटो उघडून तीच क्वेरी टाकून बघितली. उत्तर निकालांच्या वरच छापून आलं होतं. अंतर कळलं की माणसाचं काम झालं, तो खाली कशाला दाबेल? अशा, एका आकड्यात उत्तर संपणाऱ्या क्वेरींना क्लिक कमीच राहणार. त्यांच्यामागं वेळ घालवू नये. हे स्क्रीनशॉटवरून कधीच कळत नाही, त्यासाठी शोधून बघावंच लागतं.

दुखणं कुठल्या पानाचं

फोटोचं काम इथं संपतं. पुढं सर्च कन्सोलमध्येच जायचं, त्या क्वेरीवर टिचकी मारायची आणि `Pages` टॅब उघडायचा. कुठलं पान दिसत होतं ते तिथं कळतं. भावाच्या बाबतीत दिसत होतं फोटोंचं पान, आणि त्याचं शीर्षक होतं "Gallery". किंमत विचारणाऱ्याला गॅलरी! सीताफळाच्या पानाला मात्र "सीताफळ कलमांचे दर व जाती" असं शीर्षक होतं. फरकाचं कारण मिळालं.

शीर्षक बदलू या म्हटलं तर भाऊ अडला. "दर टाकले की बाजूचा दोन रुपये कमी लावतो." शेवटी कलमाच्या वयानुसार "इतक्यापासून" असे दर लिहायचं ठरलं. वेगळं पान केलं, शीर्षक ठेवलं "केशर आंबा कलमांचे दर आणि वय – अंबाजोगाई". महत्त्वाचे शब्द पुढं, कारण मोबाइलवर शेपूट कापलं जातं. नुसतं शीर्षकात "दर" लिहून पानावर दर न देणं म्हणजे आलेल्याला दारातून परत पाठवणं. गॅलरीतून नव्या पानाकडं लिंक दिली आणि `URL Inspection` मधून पान पुन्हा तपासायची विनंती टाकली. गूगल कधीकधी आपलं शीर्षक बाजूला ठेवून स्वतःचंच दाखवतं, म्हणून आठवड्यानं शोधून खात्री केली.

फरक पडला का, हे बघताना

आकडे पक्के व्हायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे रोज उघडून बघण्यात अर्थ नाही. बदलाच्या आधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस तारखेच्या `Compare` मध्ये लावले. आधी ८१२ इम्प्रेशनवर ७ क्लिक होते, नंतर ५९० वर २४. नुसते इम्प्रेशन बघितले असते तर काम बिघडलं असं वाटलं असतं. पण लागवडीचा जोर ओसरला की शोधणारेच कमी होतात. सीटीआर ०.९ वरून ४.१ झाला आणि पोझिशन ४.८ वरून ४.६, म्हणजे जागा जवळपास तीच. वाढ शीर्षकाची आणि नव्या पानाचीच, असं म्हणायला हरकत नाही.

एक मर्यादा राहतेच. सर्च कन्सोलमध्ये देशाची चाळणी आहे, जिल्ह्याची नाही. ४.६ ही सरासरी आहे. परळी-केजमध्ये आपण पहिले असू आणि नाशकात पंधरावे, तरी तक्त्यात एकच आकडा येतो. नाशिकचा माणूस वीस कलमांसाठी अंबाजोगाईला येणार नाही, त्याचं इम्प्रेशन मात्र मोजलं जातं.

आणि `kesar amba rop price` अजून तशीच आहे. `Pages` मध्ये बघितलं तर तिथं अजूनही ती जुनी गॅलरीच दिसतेय. नव्या पानावर "रोप" हा शब्दच नाही, सगळीकडं "कलम" लिहिलंय. भावाला सांगितलं तर म्हणाला, "रोप वेगळं, कलम वेगळं, दादा." त्याचं खरं आहे. पण गिऱ्हाईक रोपच म्हणतं.