जिमची मेंबरशिप मधेच सोडताय? उरलेले पैसे परत कसे मागायचे

वर्षाची फी एकदम भरली की जिमवाले डिस्काउंट देतात, म्हणून आपण भरतो. मग तीन महिन्यांनी पुण्याला बदली होते नाहीतर गुडघा दुखावतो आणि काउंटरवर उत्तर मिळतं, "सर, रिफंड नसतो आपल्याकडं." बरेच जण तिथंच विषय सोडून देतात. पण सोडायच्या आधी निदान आपण सही केलेला फॉर्म काढून बघा, कारण काउंटरवरचा माणूस जे बोलतो ते आणि फॉर्मवर जे छापलंय ते बऱ्याचदा एक नसतं.

फॉर्म नसेल तर कॉपी मागून घ्या, आणि पावतीच्या मागची बाजू, जॉईन होताना आलेला ईमेल, अ‍ॅपमधल्या अटी हे पण बघा. शोधायचं एवढंच, की मेंबरशिप कुठल्या कारणानं रद्द करता येते, नोटीस किती दिवसांची, आणि वापरलेल्या महिन्यांचे पैसे कुठल्या दरानं कापणार. हा शेवटचा मुद्दा नीट वाचा, सगळा फरक तिथंच पडतो.

समजा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पोरानं 1 जूनला वर्षाचे 12,000 भरले आणि वर 1,000 प्रवेश फी. अटीत लिहिलंय की बदली किंवा आजारपण असेल तर 30 दिवसांची लेखी नोटीस देऊन रद्द करता येईल, वापरलेले महिने महिन्याच्या रेटनं म्हणजे 1,500 नं धरले जातील, उरलेल्या रकमेतून 10 टक्के कापले जातील आणि प्रवेश फी परत मिळणार नाही. त्यानं 1 सप्टेंबरला नोटीस दिली तर ती 30 सप्टेंबरला संपते, म्हणजे चार महिने वापरले असं धरायचं. 12,000 मधून 6,000 गेले, उरले 6,000, त्यातले 10 टक्के म्हणजे 600 गेले, हातात 5,400. आता हीच अट "उरलेल्या काळाच्या प्रमाणात" अशी असती तर आठ महिन्यांचे 8,000, त्यातून 800 वजा, म्हणजे 7,200 मिळाले असते. म्हणून आपला हिशोब अटीतल्याच शब्दांप्रमाणे करा. मनानं जास्त आकडा लावला की मॅनेजर तेवढंच धरून बसतो आणि अख्खा अर्ज बाजूला पडतो.

दुसरी गोष्ट तारीख. त्याच पोरानं 1 सप्टेंबरला नुसतं तोंडी सांगितलं आणि लेखी 1 ऑक्टोबरला दिलं, तर अजून एक महिना वापरलेला धरणार, म्हणजे हातात 1,350 कमी, आणि ट्रेनर म्हणाला होता "बघतो" याचा पुरावा कुठं असणार? म्हणून ईमेल करा, तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आणि कागदाची एक प्रत देऊन दुसरीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मजकूर लहानच ठेवा, काहीसा असा:

"माझी मेंबरशिप नंबर अमुक, 1 जूनपासून एक वर्षाची. पुण्याला बदली झाल्यामुळं आपल्या अटींप्रमाणे 30 दिवसांची नोटीस देऊन ती रद्द करत आहे. हिशोबाप्रमाणे 5,400 रुपये परत मिळणं आहे. ते 15 दिवसांत खालील खात्यावर जमा करावेत. हिशोब वेगळा असेल तर अट दाखवून लेखी कळवावं. बदलीचं पत्र आणि पावती जोडली आहे."

त्यातलं "लेखी कळवावं" हे गाळू नका, कारण नकार द्यायचा झाला तरी त्यांना अट दाखवून द्यावा लागतो.

यावर बहुतेक वेळा फ्रीझची, म्हणजे मेंबरशिप काही काळ थांबवून ठेवायची ऑफर येते. गुडघा दोन महिन्यांत बरा होणार असेल तर फ्रीझ चांगलंच आहे, पण कोल्हापूरच सुटणार असेल तर त्याचा काय उपयोग? हो म्हटलं तर आपला रद्द करायचा अर्ज मागं घेतला असं ते धरू शकतात, म्हणून "नको, रिफंडच हवा" हेही लेखी द्या. हप्ता फायनान्स कंपनीकडून असेल तर तो आपल्या मनानं थांबवू नका, ते कर्ज आपल्या नावावर असतं. जिमनं रद्द केल्याचं पत्र घेऊन कंपनीला कळवा आणि मगच पुढचं ठरवा.

अटीत सरळ "कुठल्याही कारणानं रिफंड नाही" असं छापलं असेल तर काम अवघड आहे, विशेषतः नुसतं मन बदललं म्हणून सोडत असाल तर. पण जिमच बंद पडली, दुसरीकडं हलवली किंवा कबूल केलेली सोय काढून टाकली, तर ती सेवेतली कमतरता होते आणि त्या छापील ओळीमागं त्यांना लपता येत नाही.

15 दिवस गेले आणि काहीच हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, ते जिमशी संपर्क करून तडजोडीचा प्रयत्न करतात. तरी नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण जिथं राहतो तिथंही केस करता येते, म्हणजे पुण्याला गेलात तर पुण्यातही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आणि मधल्या काळात जिमनं "सगळे पैसे मिळाले" असा कागद पुढं केला, तर रक्कम खात्यात दिसेपर्यंत त्यावर सही करू नका.