पेन्शनच्या पैशातून ट्रेडिंग: दोन लाखांवर एक रुपयाही नाही

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

माझ्या चाळीस लाखांपैकी तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. ठेवताना 8.2 टक्के दर होता, म्हणून दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. घर त्यावर चालतं, त्याला हात लावायचा नाही. आठ लाख आजारपणासाठी. उरलेले दोन लाख तुझ्या ट्रेडिंगला देतो.

मर्यादा खात्यातल्या शिलकीवर नाही, आजपासून भरलेल्या एकूण रकमेवर मोजायची. हे नीट समजून घे. दोन लाखांचे एक लाख वीस हजार झाले की 'अजून ऐंशी हजार टाका, बाबा' असं मनात येतं. तसं केलं की मर्यादा दोन लाख ऐंशी हजार झाली. मार्च महिन्यात तू नेमकं हेच मागितलंस आणि मी दिले, ती चूक माझीही होती. ऐंशी हजारांची तूट भरायला उरलेल्या रकमेवर 67 टक्के नफा लागतो. तेव्हाच माणूस मोठा सौदा करतो.

म्हणून ट्रेडिंगसाठी वेगळं बचत खातं उघड आणि डिमॅटला तेवढंच जोड. माझ्या खात्याचं यूपीआय तुझ्या फोनवरून आजच काढ. नफा झाला तर अर्धा दर महिन्याला बाहेर काढ. ऑप्शन विकायचे नाहीत, कारण तिथे तोटा भरलेल्या रकमेपाशी थांबत नाही. सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार तीन वर्षांत शेअरच्या वायदे आणि ऑप्शनमध्ये 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले.

दोन लाख संपले की मला फोन कर. रागावणार नाही, पण पैसेही देणार नाही.

तुझे बाबा