स्वस्तातला गेमिंग फोन घेताना या चुका टाळा: हर्ट्झचा आकडा पाहिला, प्रोसेसर वाचलाच नाही

मे महिन्यातल्या एका दुपारी माझा भाचा नवा फोन घेऊन आला आणि कूलरसमोर बसून कुरकुरायला लागला. "मामा, नव्वद हर्ट्झचा घेतला ना बे, तरी गेम अडकूनच राहिला." नागपुरात बर्डीच्या एका दुकानात त्याला खोक्यावरचा हर्ट्झचा आकडा दाखवून फोन विकला होता. आकडा खोटा नव्हता. तो नेमकं काय सांगतो, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकते. ही झाली स्क्रीनची तयारी. गेमची चित्रं म्हणजे फ्रेम तयार करायचं काम प्रोसेसरचं आणि त्यातल्या जीपीयूचं. ताट मोठं आहे म्हणून पोळ्या जास्त होत नाहीत. भाच्याच्या फोनमध्ये हेलिओ जी८५ हा प्रोसेसर होता. बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स `Smooth` ठेवूनही त्याला फ्रेम रेट `Ultra` च्या पुढे नेता येत नव्हता. या गेममध्ये `Ultra` म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम आणि `Extreme` म्हणजे ६०. म्हणजे स्क्रीन ९० ची आणि माल ४० चा.

यात अजून एक गंमत आहे, आणि ती दुकानात कुणीच सांगत नाही. स्क्रीन अर्धी फ्रेम दाखवू शकत नाही. ९० ला ४० ने भागलं की सव्वादोन येतात. म्हणून तीन फ्रेम स्क्रीनच्या प्रत्येकी दोन फेऱ्या दिसतात आणि चौथी तीन फेऱ्या. पहिल्या तीन सुमारे २२ मिलिसेकंद थांबतात, चौथी ३३. सरासरी बरोबर ४० चीच निघते, पण डोळ्याला दर चौथ्या पावलाला ठेच लागल्यासारखं होतं. हेच ४० फ्रेम १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येकी नेमक्या तीन फेऱ्या राहतात आणि खेळ सरळ वाहतो. ९० च्या स्क्रीनवर ६० फ्रेम आल्या तरी एक फेरी, मग दोन फेऱ्या अशी लंगडी चाल होते. बरेच फोन गेम सुरू होताच स्क्रीन आपोआप ६० वर आणतात, मग हा त्रास होत नाही. पण सगळेच आणत नाहीत.

हे तपासता येतं. 'फोनबद्दल' या भागात `Build number` वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे `Show refresh rate` सुरू केलं की कोपऱ्यात आकडा दिसतो. इथे दुसरी चूक होते. हा आकडा स्क्रीनचा आहे, गेमचा नाही. तिथे ९० दिसलं म्हणून गेम ९० ने चालतो असं समजून पोरं खूश होतात. गेमच्या फ्रेम पाहायच्या तर फोनच्या गेम मोडच्या पट्टीतला एफपीएसचा आकडा बघा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि पहिल्याला दुसऱ्याने पूर्ण भाग जातो का ते पाहा. भाच्याला मी फ्रेम रेट `High` वर आणायला लावला. म्हणजे ३० फ्रेम, प्रत्येक फ्रेम बरोबर तीन फेऱ्या. आकडा कमी झाला म्हणून तोंड वाकडं केलं त्यानं, पण ठेचा थांबल्या हे त्यालाही मान्य करावं लागलं.

हे झालं घेतल्यानंतरचं. घेण्याआधी प्रोसेसरची ओळ वाचायची, आणि तिथे फसवणारा शब्द म्हणजे 'ऑक्टा-कोर'. आठ कोर जवळपास सगळ्यांनाच असतात. त्या फोनची ओळ अशी होती:

```
2x2.0 GHz Cortex-A75
6x1.8 GHz Cortex-A55
```

म्हणजे ताकदीचे कोर दोनच, बाकीचे सहा बॅटरी वाचवणारे साधे कोर. गेमचा जड भार त्या दोघांवर पडतो. लोक इथे गिगाहर्ट्झ बघतात आणि दोन्ही ओळींत फारसा फरक नाही असं म्हणतात. फरक मागच्या नावात आहे. ए७५ पेक्षा ए७६ बराच पुढचा, आणि ए७८ त्याच्याही पुढचा. हेलिओ जी९९ आणि डायमेन्सिटी ६३०० मध्ये दोन ए७६ आहेत. डायमेन्सिटी ७३०० मध्ये चार ए७८ आहेत, त्यामुळे बजेट थोडं ताणता येत असेल तर ते इथे ताणा, कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर नाही.

मोठा नंबर म्हणजे नवी चिप, हेही धरून चालू नका. डायमेन्सिटी ६०२० ही जुनी डायमेन्सिटी ७०० च आहे, नाव बदललेली. स्नॅपड्रॅगन ४ जेन २ ही स्नॅपड्रॅगन ६९५ नंतर आली. दोघींत ए७८ चे दोनच मोठे कोर, वेगही जवळपास तोच. पण ६९५ मध्ये जीपीयू ॲड्रेनो ६१९ आणि नव्या चिपमध्ये ॲड्रेनो ६१३, म्हणजे हलका. नुसतं गेमसाठी घेणार असाल तर या जोडीत जुनीच चिप बरी. म्हणून जीपीयूचं नाव वेगळं शोधून वाचा, खोक्यावर ते सहसा नसतं. '८ अधिक ८ जीबी रॅम' मधली दुसरी आठ ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते, गेमला तिचा काही उपयोग नाही. टच सॅम्पलिंगचे २४० हर्ट्झही वेगळे, ते बोट ओळखण्याचे. चित्राशी त्यांचा संबंध नाही.

आता आपल्या नागपूरचं दुखणं. एसीच्या दुकानात पाच मिनिटं गेम चालवून बघितला आणि मस्त चालला, याला काही अर्थ नाही. चिप तापली की फोन स्वतःच तिचा वेग उतरवतो, आणि घरात पारा चाळिशीत असेल तर ती वेळ लवकर येते. जी८५ ही १२ नॅनोमीटरची चिप आहे, जी९९ ही ६ ची. तेवढ्याच कामाला पहिली जास्त तापते. म्हणून मी दुकानदाराला सरळ सांगतो, "भाऊ, सलग वीस मिनिटं खेळू द्या, तेही एसीबाहेर." काही जण हसतात, काही जण देतात. नाहीच दिलं तर तेच मॉडेल वापरणारा कुणी ओळखीचा शोधायचा.

फोन घरी आला आणि अडकायला लागला, तर आधी वेळ बघा. पहिल्या मिनिटापासून अडकत असेल तर चिप कमी पडते आहे, ग्राफिक्स खाली आणा. पहिला सामना नीट आणि पंधरा-वीस मिनिटांनी झटके, सोबत स्क्रीनही आपोआप मंद होत असेल, तर ती गरमी. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका. एफपीएसचा आकडा स्थिर आहे पण समोरचा खेळाडू एकदम दुसरीकडे उगवतो, तर दोष नेटचा, नवा फोन घेऊनही तो जाणार नाही. कूलरच्या तोंडाशी फोन धरणाऱ्यांना एकच सांगतो, त्या हवेत ओल असते आणि चार्जिंगच्या भोकातून ती आत जाते. भाच्यानं तेही करून पाहिलं होतं. आता तो पंख्याखाली बसून ३० फ्रेमवर खेळतो आणि दिवाळीला जी९९ वाला घेईन म्हणतो.