गाण्याचे शब्द जड का होतात? या चुका टाळा

हा एका विरहगीताचा मुखडा, या लेखापुरता रचलेला:

विरहाग्नीने दग्ध अंतरी
स्मृतिगंधाची लहर दाटते
शून्य मनाच्या निर्जन दारी
आर्त वेदना गूढ वाटते

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, आठ मात्रांच्या केरवा तालात दोन आवर्तनांत नेमकी बसणारी. यमक जुळलंय, व्याकरणात खोट नाही. तरी कुणाला हा मुखडा एकदाच म्हणून दाखवा आणि विचारा, "काय दिसलं?" बहुतेकांचं उत्तर येईल, "काहीतरी दुःखाचं होतं." कोण दुःखी आहे, कुणासाठी, कुठे बसून, यातलं काहीच हाती लागत नाही.

आता त्याच मापाचा, त्याच भावनेचा दुसरा मुखडा:

उशीर झाला की अजूनही
जिन्याकडे मी कान लावतो
सगळे झोपून गेले तरी
तुझा दिवा चालूच ठेवतो

याही ओळी सोळा मात्रांच्याच. म्हणजे पहिल्या मुखड्याचं बिनसलं ते मात्रांमुळे किंवा तालामुळे नव्हे. नवोदितांच्या गाण्यांत जे अडतं, त्यातलं बरंचसं या दोन मुखड्यांच्या फरकात सापडतं, म्हणून त्यांनाच धरून पुढे जाऊ.

चूक पहिली: भावनेचं नाव घेऊन थांबणं

पहिल्या मुखड्यातली विशेषणं मोजा. दग्ध, शून्य, निर्जन, आर्त, गूढ. चार ओळींत पाच. आता क्रियापदं पाहा: दाटते आणि वाटते. कुणीही काहीही करत नाही. लहर आपोआप दाटते, वेदना आपोआप गूढ वाटते. ऐकणाऱ्याला फक्त सांगितलं जातं की इथे वेदना आहे आणि ती आर्त आहे. त्याने ते ऐकून घ्यायचं, त्याच्यासाठी दुसरं काम उरत नाही.

दुसऱ्या मुखड्यात दुःख, आठवण, विरह यांपैकी एकही शब्द नाही. एक माणूस कान लावतो आणि दिवा बंद करत नाही, इतकंच घडतं. तो का थांबलाय, हे ऐकणारा स्वतः जुळवतो आणि जुळवताना त्याला स्वतःचं कुणीतरी आठवतं. साधा शब्द मनाला लागतो तो इथे. दिवा, जिना, उशीर हे शब्द प्रत्येकाने आयुष्यात हजारो वेळा वापरलेले असतात. प्रत्येकाच्या मनात त्यांच्यासोबत एखादा खराखुरा दिवा, खराखुरा जिना असतो. 'विरहाग्नी' कुणीच पाहिलेला नसतो. तो शब्द आपल्याला भेटला आहे फक्त दुसऱ्या कवितांमध्ये, त्यामुळे त्याच्याबरोबर दुसऱ्या कविताच आठवतात.

तपासायला एक सोपी रीत आहे. मुखड्यातली सगळी विशेषणं खोडा आणि काय उरतं ते पाहा. दुसऱ्या मुखड्यात जवळजवळ काहीच खोडावं लागत नाही. पहिल्यात उरतं 'विरहाग्नीने अंतरी स्मृतिगंधाची लहर दाटते, मनाच्या दारी वेदना वाटते', आणि त्याला अर्थच उरत नाही.

चूक दुसरी: डोळ्यांसाठी लिहिणं

कविता वाचणारा अडला तर मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो. गाणं ऐकणाऱ्याला ती सोय नाही. 'स्मृतिगंधाची' हा सामासिक शब्द कानावर पडला की आधी तो फोडायचा, मग गंधाची लहर कशी असते याचा विचार करायचा. तोवर गायक तिसऱ्या ओळीवर पोचलेला असतो, आणि शब्द सोडवण्यात गुंतलेल्या कानातून 'निर्जन दारी' निसटून जातं.

गळ्याचीही एक अडचण आहे. सूर लांबवायचा तो स्वरावर. 'लावतो'मध्ये आ आणि ओ असे दोन मोकळे स्वर आहेत, तिथे गायकाला हवं तेवढं रेंगाळता येतं. 'दग्ध'मध्ये आहे आखूड अ आणि लगेच ग्ध. संथ लयीत तो अ ताणावा तर शब्द ओळखू येत नाही, न ताणावा तर सूर तुटतो. 'स्मृ'मध्ये स, म आणि ऋ हे सगळं एका मात्रेत कोंबावं लागतं. शिवाय 'दग्ध अंतरी' गाताना दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून 'दग्धांतरी'सारखं काहीतरी ऐकू येतं.

जोडाक्षरांना घाबरायचं मात्र कारण नाही. 'जिन्याकडे'मध्येही जोडाक्षर आहे, पण 'न्या' जिभेवर अडत नाही आणि आधीच्या 'जि'वर आघातही येत नाही, म्हणून तो लघुच, म्हणजे एका मात्रेचाच, राहतो. कागदावर पाहून हे ठरवता येत नाही. ओळ मोठ्याने, लयीत, तीन-चार वेळा म्हणा. जीभ जिथे अडखळेल तिथे गायकाचीही अडखळणार.

चूक तिसरी: मात्रा जुळवायला जुना शब्द आणणं

मला हा सगळ्यात घातक प्रकार वाटतो, कारण यात चांगलं चाललेलं गाणं बिघडतं. ओळ साध्या बोलीत छान उतरत असते आणि एक-दोन मात्रा जास्त होतात. मग 'तुझा'च्या जागी 'तव' येतं, कारण 'तुझा'च्या तीन मात्रा आणि 'तव'च्या दोनच. 'माझा'च्या जागी 'मम' येतं, 'डोळ्यांत'च्या जागी 'नयनी', आणि एक मात्रा कमी पडली तर 'जिन्यावर'च्या जागी 'जिन्यावरी'. माप जुळतं, पण त्या क्षणी बोलणारा माणूस बदलतो. आतापर्यंत कुणीतरी आपल्याशी बोलत होतं, आता कुणीतरी पाठ केलेलं म्हणून दाखवतंय असं वाटू लागतं. एका 'तव'ने आसपासच्या चारही ओळी खोट्या वाटू शकतात.

समजा अर्ध्या ओळीला आठ मात्रा हव्यात आणि 'डोळ्यांत पाणी' लिहिलंय. त्याच्या होतात नऊ. 'नयनी पाणी' केलं की आठ होतात, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण थोडं फिरवून पाहिलं तर 'डोळे भरले' याच्याही आठच मात्रा आहेत, आणि हे आपण खरंच बोलतो. मात्रा अडली की शब्द जुना करण्याआधी वाक्य बदलून पाहा. तेही जमलं नाही तर संगीतकाराला विचारा, एखादा जास्तीचा लघु चालीत सहज सामावून जातो.

शब्दांच्या क्रमाचंही असंच आहे. 'सगळे झोपून गेले तरी' ही ओळ आठ-आठ अशी तुटत नाही, पहिलं आवर्तन 'झोपू'पाशी संपतं आणि 'न' पलीकडे जातो. 'सगळे गेले झोपून तरी' केलं असतं तर बरोबर मध्यावर तुटली असती. पण असं कुणी बोलत नाही. मी बोलण्याचा क्रम ठेवला, कारण आवर्तन ओलांडणारा शब्द चाल सांभाळून घेते, उलटं वाक्य मात्र कानाला लगेच कळतं. ज्यांना ठेक्यावर घट्ट बसलेली ओळ हवी आहे, ते इथे वेगळा निर्णय घेतील आणि तोही चुकीचा ठरणार नाही.

याच मुखड्यात आणखी एक जागा आहे. 'तुझा दिवा मी जळत ठेवतो' ही ओळही सोळा मात्रांची, आणि आठ-आठ अशी स्वच्छ. तरी 'चालूच ठेवतो' जास्त जवळचं वाटतं, ते त्या 'च'मुळे. कुणीतरी म्हणालं असेल, बंद कर आता, किती दिवस ठेवणार. त्याला न जुमानता याने तो चालूच ठेवलाय. एका अक्षरात घरातलं एक आख्खं भांडण मावतं. च, तर, ना, की, म्हणे ही बोलण्यातली बारीक अक्षरं अलंकारिक भाषेत आधी गळून पडतात, आणि माणसाचा आवाज बरेचदा त्यांच्यातच असतो.

यमकाबद्दल थोडंसं

प्रीत, गीत, रीत ही माळ हाताशी तयार असते. शेवटचा शब्द आधी ठरवून त्याच्यामागे ओळ ओढत आणली की 'गूढ वाटते'सारखे शब्द येतात. 'दाटते'ला जोड हवी होती, म्हणून 'वाटते' आलं, आणि वेदना गूढ झाली. आधी ओळ लिहा, यमक सैल राहिलं तरी चालेल. 'लावतो' आणि 'ठेवतो' यांचं यमक काही फार घट्ट नाही, पण गाताना ते कुणालाही टोचणार नाही.

उलटी चूक: साधं म्हणजे सपाट

वरचं सगळं वाचून कुणी लिहील:

मला तुझी खूप आठवण येते
तुझ्यावाचून करमत नाही

शब्द सगळे रोजचे आहेत, तरी ओळी लागत नाहीत, कारण पहिली चूक इथे साध्या कपड्यांत परत आली आहे. भावनेचं नाव घेतलं आणि तिथेच थांबलं. अशा वेळी स्वतःला विचारायचं, आठवण येते तेव्हा हा माणूस नेमकं काय करतो? फोन हातात घेऊन परत ठेवतो? तिच्या बाजूची खिडकी उघडत नाही? उत्तरात एखादी वस्तू आणि एखादी कृती मिळाली की ओळ मिळते. तपशील एकच घ्या. चार ओळींत जिना, दिवा, खिडकी, फोन, पायताण असं सगळं आलं तर ती यादी होते आणि कशावरच नजर ठरत नाही.

जड शब्द कुठे चालतो

स्तोत्रात, पौराणिक नाटकातल्या पदात भारदस्त भाषा हवीच, तिथे देव किंवा राजा 'चालूच ठेवतो' म्हणाला तर विचित्र वाटेल. एरवीच्या गाण्यातही जड शब्दाला जागा असते, फक्त तो कुणाच्या तोंडून येतोय हे कळायला हवं. मात्रांचा हिशेब बाजूला ठेवून या दोन ओळी पाहा:

पत्र तुझं आलं, ओळी दोन फक्त
खाली 'स्नेहांकित', नाव पण नाही

'स्नेहांकित' हा इथला एकुलता एक जड शब्द, आणि तो पत्र लिहिणाऱ्याने हात राखून वापरलेला आहे. शेजारचे शब्द घरातले असल्यामुळे त्याचा परकेपणा लगेच जाणवतो. दोघांत किती अंतर पडलंय ते वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या ओळीत 'पत्र'ऐवजी 'प्रेमपत्रिका' आणि 'आलं'ऐवजी 'अवतरली' लिहून पाहा, 'स्नेहांकित' त्या गर्दीत दिसेनासा होतो.